नऊ चोवीसची प्रिंट

युवराज आण्णा आमच्या ऑफिसचे शिपाई. वय त्रेपन्न. राहायला कंग्राळीत, तिथून रोज सकाळी मोपेडवरून बेळगावात येतात आणि सव्वानऊला कुलूप काढतात. ऑफिस दहाला सुरू होतं. मधल्या पाऊण तासात ते खिडक्या उघडतात, पाणी भरतात, साहेबांचं टेबल पुसतात आणि प्रिंटरवरचं कापड काढून घडी घालून ठेवतात.

ऑफिस कुठल्या खात्याचं, ते सांगत नाही. लोकांना दाखले देणारं एक सरकारी ऑफिस, एवढं पुरे. मी तिथं कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. माझा डिप्लोमा झालेला आहे, पण ऑफिसात माझी ओळख 'साईराज, जरा बघ की' एवढीच आहे.

कॉम्प्युटर चार आणि प्रिंटर एक. तो आण्णांच्या स्टुलाशेजारी असतो, कारण दुसरीकडे जागा नव्हती. वायर त्याच कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेली आहे आणि बाकीच्या तिघांच्या प्रिंटा नेटवर्कवरून त्याच कॉम्प्युटरवर येऊन रांगेत बसतात. म्हणजे ऑफिसातला प्रत्येक कागद आण्णांच्या हातावरून जातो. कागद भरणं, टोनर हलवणं, अडकलेलं पान फाटू न देता ओढून काढणं ही कामं त्यांना कुणी लावून दिली नव्हती. स्टूल तिथं होतं, म्हणून ती त्यांची झाली.

प्रिंटरच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता. रांगेतलं दुसऱ्याचं काम त्याला विचारल्याशिवाय काढायचं नाही. नियम भिंतीवर कन्नडमध्ये लिहिलेला होता आणि तोंडी मराठीत सांगितला जायचा. त्याला कारण होतं. सात-आठ वर्षांपूर्वी एका घाईतल्या क्लार्कनं आपलं पान आधी यावं म्हणून पुढची सगळी कामं रद्द केली होती. त्यात जांबोटीहून आलेल्या एका म्हाताऱ्याचा दाखला गेला. त्यांना तो दुसऱ्या दिवशी परत येऊन घ्यावा लागला. म्हातारे कुणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी येताना आण्णांसाठी फणस घेऊन आले. आण्णा म्हणतात, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी खात्यात शिपायांमधून क्लार्कच्या बढतीसाठी नावं मागवली गेली. अटी तीन होत्या. दहावी पास, कन्नडची परीक्षा पास आणि कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट. आण्णांचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. कन्नड बोलण्यात ते कुणाला हार जाणार नाहीत, पण परीक्षेत लिहावं लागतं. तिसऱ्या वेळेला ते पास झाले. कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट पहिल्याच वेळेला मिळालं. अर्ज तयार होता, जोडायचे कागद तयार होते. राहिलं होतं फक्त साहेबांच्या सहीचं शिफारसपत्र. सगळं मिळून शुक्रवारी साडेपाचपर्यंत जिल्ह्याच्या ऑफिसात द्यायचं होतं. निवृत्तीचं वय धरलं तर अशी संधी परत येण्यासारखी नव्हती.

पत्र आण्णांनी स्वतःच टाइप करायचं ठरवलं. मी करून देतो म्हणालो तर म्हणाले, "क्लार्क हुयाला निघालोय आणि पत्र दुसऱ्याकडनं करून घिऊ व्हय?" त्यांनी कपाटातून वीस वर्षांपूर्वीचं एक शिफारसपत्र नमुन्याला काढलं आणि शुक्रवारी सकाळी तासभर आधीच येऊन, ऑफिसात कुणी नसताना, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी तसंच्या तसं उतरवलं.

दुपारी दीड वाजता साहेब बाहेर आले. साहेब म्हैसूरकडचे, माणूस शांत. बेंगळूरला मीटिंग आहे, साडेतीनला गाडी येईल, आता सोमवारी भेटू, असं त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं आणि कुणाच्या सह्या राहिल्या असतील तर आणा म्हणाले. आण्णा माझ्या टेबलाजवळ आले.

"साईराज, प्रिंट येईना रं."

"कधीपासून?"

"सकाळधरनं कुणाचीच येईना. मला वाटलं टोनर."

टोनर त्यांनी तीन वेळा काढून हलवला होता. प्रिंटरचा पिवळा दिवा लुकलुकत होता. आमच्या प्रिंटरला अक्षरं दाखवणारी पट्टी नाही, फक्त दोन दिवे आहेत, आणि पिवळा लुकलुकला की टोनर हलवायचा अशी ऑफिसात समजूत आहे. तेवढ्यानं भागलं नव्हतं म्हणून रूपाली मॅडमनी प्रिंटर बंद करून चालू केला होता. मग भरमू सरांनी बंद करून चालू केला. मग दोघांनी मिळून एकदा केला.

रूपाली मॅडम दाखल्यांचं काम बघतात. भरमू सर गावोगावच्या याद्या बघतात. ते साडेबारालाच निपाणीला गेले होते.

मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर रांग उघडली. तेवीस कामं होती. सगळ्यात वरच्या कामापुढं 'एरर' लिहिलेलं, आणि त्याच्या मागं बावीस कामं गप उभी होती. प्रिंटर बंद करून चालू केल्यानं काही होणार नव्हतं, कारण रांग प्रिंटरमध्ये नसते, कॉम्प्युटरमध्ये असते. प्रिंटर जागा झाला की कॉम्प्युटर तेच पहिलं काम त्याच्यापुढं धरतो आणि प्रिंटर तिथंच अडतो.

"पहिलं काम अडलंय," मी म्हणालो. "ते काढलं की बाकीची सुटतील."

"कुणाचं हाय?"

नाव होतं 'डॉक्युमेंट वन'. मालकाच्या जागी 'ऑफिस' लिहिलेलं होतं. चारही कॉम्प्युटर बसवणाऱ्या माणसानं सगळ्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड देऊन ठेवला होता. आमच्या रांगेत उभा राहिलेला प्रत्येक जण 'ऑफिस' होता.

मी म्हणालो, कुणाचं का असेना, काढतो. आण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि भिंतीकडं बघितलं. मग ते विचारायला गेले.

रूपाली मॅडम म्हणाल्या, त्यांचे दाखले वेबसाइटवरून निघतात, त्यांचं नाव असं नसतं. भरमू सरांना फोन लावला, तो लागला नाही. ते मोटारसायकलवर असणार. साहेबांना विचारायला आण्णा आत गेले आणि लगेच बाहेर आले. साहेबांनी आठवडाभर काही छापलं नव्हतं. मलाही त्यांनी विचारलं. माझं नाही म्हणालो. बाहेर बाकावर दाखल्यासाठी बसलेल्या सहा लोकांना तेवढं विचारलं नाही.

सव्वादोन वाजले. मी त्या कामाची माहिती उघडली, म्हटलं काही तरी खूण सापडेल. पानं एक. कागदाचा आकार लीगल. आमच्या ट्रेमध्ये ए-फोर असतो. प्रिंटर टोनर मागत नव्हता, चौदा इंची कागद मागत होता आणि सकाळपासून दिवा लुकलुकवून तेच सांगत होता. तसला कागद ऑफिसात येणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती.

शेजारच्या रकान्यात वेळ होती. मी मोठ्यानं वाचली.

"पाठवलंय सकाळी नऊ चोवीसला."

रूपाली मॅडमनी मान वर केली आणि परत खाली घातली. नऊ चोवीसला ऑफिसात एकच माणूस असतो.

आण्णांनी पडद्याजवळ वाकून ती वेळ स्वतः वाचली. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. पत्र टाइप झाल्यावर कागद किती लांब, असा प्रश्न आला. म्हणून त्यांनी नमुन्याचं पत्र फूटपट्टीनं मोजलं. साडेआठ बाय चौदा. यादीत तो आकार शोधला, सापडला, निवडला आणि प्रिंटचं बटण दाबलं. पान बाहेर आलं नाही. पान आलं नाही म्हणजे काम गेलंच नाही, असं समजून त्यांनी ते नंतर करायचं ठरवलं. पोस्टाच्या पेटीत पत्र पडलं नाही तर ते हातातच असतं, तसं.

"मग मलाच इचाराय पायजे," आण्णा म्हणाले.

"विचारा."

"काढ."

मी काढलं. म्हणजे रद्द करायचं बटण दाबलं. कामापुढं 'डिलिटिंग' असं आलं आणि तिथंच राहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अर्धवट प्रिंटरकडं गेलेलं काम असं करतं. ते छापलंही जात नाही आणि निघूनही जात नाही. त्यात सकाळपासून प्रिंटरचं बटण दोघांनी मिळून खालीवर केलेलं.

आता यावर उपाय असतो. कॉम्प्युटरमध्ये प्रिंटची रांग सांभाळणारी एक सेवा सारखी चालू असते, तिचं नाव स्पूलर. ती थांबवायची, रांगेतली कामं ज्या फोल्डरमध्ये साठतात ते रिकामं करायचं, सेवा परत चालू करायची. दोन मिनिटांचं काम. मी सेवा थांबवली, विंडोजच्या आतलं ते फोल्डर उघडलं आणि सगळ्या फाइली एकदम निवडल्या.

"ह्यात रूपालीआक्काचं बी हाय न्हवं?" मागून आण्णांनी विचारलं.

होतं. त्यांचे सतरा दाखले त्यात होते. आणि दाखला वेबसाइटवरून एकदाच छापता येतो. दुसऱ्यांदा छापायचा तर साहेबांच्या लॉगिनमधून परवानगी घ्यावी लागते, एकेका दाखल्याला वेगळी, कारणासकट. रूपाली मॅडम माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू डिलिट दाब, मग बाहेरच्या लोकांना तूच सांग."

मी निवड काढून टाकली. फोल्डरमध्ये प्रत्येक कामाच्या दोन फाइली असतात. एकीत छापायचा मजकूर आणि दुसरीत ते कुणी पाठवलं, कुठल्या प्रिंटरसाठी, याची नोंद. नावात नुसते आकडे असतात. मी त्या वेळेप्रमाणं लावल्या. सगळ्यात वर नऊ चोवीसची जोडी होती. तिच्यानंतरची जोडी दहा बाराची. मी नऊ चोवीसच्या दोनच फाइली काढल्या आणि सेवा चालू केली.

रांग परत आली. बावीस कामं. पिवळा दिवा विझला, प्रिंटरनं आत काहीतरी फिरवलं आणि रूपाली मॅडमचा पहिला दाखला बाहेर पडला. बाहेरचे लोक बाकावरून उठले. अकरा दाखले दोन-तीन मिनिटांत निघाले.

तोवर मी आण्णांचं पत्र ए-फोरवर बसवलं. चौदा इंचांचा मजकूर होता, त्यामुळं साहेबांच्या सहीची जागा एकटीच दुसऱ्या पानावर गेली. कोऱ्या पानावर कुठलाच साहेब सही करत नाही. मी ओळींमधलं अंतर कमी केलं आणि समास थोडा लहान केला. आण्णा म्हणाले, दाटीवाटी झाली. मी म्हणालो, एका पानात आलं. पत्र पाठवलं. ते रांगेच्या शेवटी गेलं. पावणेतीन होऊन गेले होते.

मग भरमू सरांची यादी सुरू झाली.

यादी दोनशे दहा पानांची होती. रांगेत ती पाच वेळा होती, कारण पहिल्यांदा प्रिंट आली नाही म्हणून सरांनी परत बटण दाबलं होतं, आणि मग परत. आमचा प्रिंटर मिनिटाला चौदा पानं काढतो. हजाराच्या वर पानं म्हणजे सव्वा तास. त्याच्यामागं रूपाली मॅडमचे सहा दाखले आणि सगळ्यात मागं आण्णांचं एक पान. साहेबांच्या गाडीला चाळीस मिनिटं राहिली होती.

मी आण्णांना म्हणालो, कामाचं प्राधान्य वाढवता येतं. आकडा मोठा केला की ते मधली सगळी सोडून पुढं येतं.

"लोकांच्या पुढं?"

"व्हय."

"नको."

रूपाली मॅडम म्हणाल्या, निदान त्या जादा चार याद्या तरी काढा, एकाच यादीच्या पाच प्रती कुणाला पाहिजेत? आण्णा म्हणाले, पाच गावं असतील तर पाच लागतील. ते खोटं नव्हतं. सरांनी पाच वेळा रागानं दाबलं की हिशेबानं, हे रांगेवरून कळत नाही.

मी म्हणालो, मग समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन काढून आणतो, पाच मिनिटांचं काम. आण्णा नाही म्हणाले. ऑफिसचं पत्र दुकानात उघडलं की दुकानदार वाचणार, त्याच्याकडं उभे असलेले वाचणार, आणि संध्याकाळपर्यंत कंग्राळीत कळणार. बढती मिळाली नाही तर गावात रोज कोण ना कोण विचारत बसेल.

"आण्णा, सही झाली न्हाय तर मिळणारच नाही की," मी म्हणालो.

"फोन लाव तू," आण्णा म्हणाले.

मी भरमू सरांना फोन लावत राहिलो. रिंग जात होती, उचलत नव्हते. प्रिंटर चालूच होता. दीडशे पानं झाली आणि ट्रे रिकामा झाला. प्रिंटर थांबला, पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

आता जर कुणी काहीच केलं नसतं तरी कुणाला काही म्हणता आलं नसतं. कागद संपला होता. आण्णा उठले, कपाटातून नवीन रिम काढलं, ते फोडलं, कागदाच्या कडा टेबलावर आपटून सरळ केल्या, पंख्यासारखं एकदा फडफडवलं आणि ट्रे भरला. यादी परत सुरू झाली. तेवढं करून ते स्टुलावर बसले आणि बाहेर येणारी पानं शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांत लावायला लागले. मी डिप्लोमाला तीन वर्षं घालवली, पण असला माणूस कुठल्या विषयात शिकवलेला मला आठवत नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी साहेब बाहेर आले. माझ्या टेबलावरचे कागद बघितले, दोन ठिकाणी सह्या केल्या आणि आण्णांना विचारलं, तुमचं पत्र? आण्णांनी कन्नडमध्ये सांगितलं की रांगेत आहे. साहेबांनी प्रिंटरकडं बघितलं, त्यातून बाहेर येणाऱ्या यादीकडं बघितलं आणि बरं म्हणून आत गेले.

सव्वातीनला भरमू सरांचा फोन आला. ते संकेश्वरला चहाला थांबले होते आणि माझे अकरा मिस्ड कॉल बघून घाबरले होते. मी स्पीकरवर टाकला. आण्णांनी आधी त्यांना धीर दिला, कुणाला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं, मग विचारलं की यादीच्या पाच प्रती लागतात का.

"पाच कशाला? एक लागत हुती," भरमू सर म्हणाले.

"मग चार काढून टाकू?"

"पाची काढा की. माझं काम झालंय. प्रिंटर चालंना म्हणून मी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडनं काढून आणलोय. गाडीच्या बॅगेत हाय यादी."

रूपाली मॅडमनी पदर तोंडाला लावला. दुसऱ्या यादीचं सत्तरावं पान बाहेर आलं.

"बरं सर," आण्णा म्हणाले. "चहा घेऊन या सावकाश."

मी उरलेल्या याद्या रद्द केल्या. यावेळी कुठलीच अडली नाही. प्रिंटरच्या पोटात असलेली आठ-दहा पानं तेवढी पडली, मग सहा दाखले आले, आणि मग आण्णांचं पत्र. तीन वाजून एकोणीस मिनिटं. ते गरम पान त्यांनी दोन्ही हातांनी कडेला धरून घेतलं, उभ्याउभ्या वाचलं, परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा रूपाली मॅडम म्हणाल्या, "आण्णा, साहेब जातील."

साहेबांनी पत्र पूर्ण वाचलं. कुणी टाइप केलं म्हणून विचारलं. आण्णा म्हणाले, मीच. साहेबांनी पेन उघडलं, मग थांबून विचारलं की ओळी इतक्या जवळ का घेतल्या. आण्णा म्हणाले, कागद लहान पडला. साहेबांनी सही केली.

रूपाली मॅडमनी जावक नंबर घातला, मी शिक्का मारला. अर्ज, सर्टिफिकेटं आणि पत्र एका फाइलीत बांधून आण्णा साडेतीनला, साहेबांच्या गाडीच्या मागोमाग बाहेर पडले. साडेचारला परत आले तेव्हा त्यांच्याकडं पोच होती. ती त्यांनी मला आणि रूपाली मॅडमना दाखवली आणि भरमू सरांच्या यादीची उरलेली पानं पाठकोरी म्हणून वापरायला चार टेबलांवर सारखी वाटून दिली.

बढतीची यादी पाच महिन्यांनी आली. तिच्यात युवराज आण्णांचं नाव होतं. नेमणूक निपाणीच्या ऑफिसात झाली. कंग्राळीतून रोज एवढं लांब जाणार कसं म्हणून आम्हाला काळजी वाटली, त्यांना वाटली नाही. ते बसनं जातात. आता त्यांना खुर्ची आणि टेबल आहे, आणि प्रिंट काढायची असली की ते दुसऱ्यांसारखं बटण दाबून वाट बघतात.

रुजू झाल्यावर आठवड्याभरानं त्यांचा फोन आला. तिथं प्रिंटर कुठं आहे, मी विचारलं. म्हणाले, साहेबांच्या केबिनमधी. मी म्हणालो, मग पंचाईतच. अडलं की प्रत्येक वेळी साहेबांना विचारायला आत जावं लागणार.

"दोनदा जाऊन आलोय," आण्णा म्हणाले. "दोन्ही वेळेला साहेबांचंच अडलं हुतं."